काठीवरचा हिरवा पट्टा

रंगाच्या दुकानात पोरगी बसली की गिऱ्हाईक आधी विचारतं, "मालक कुठायत?" धाकटीला हा प्रश्न इतक्या वेळा विचारला गेला होता, की ती मान वर न करताच सांगायची, "वर गेले. तुम्हाला काय हवंय ते मला सांगा." कुणाला वाटे माडीवर गेले. खरं काय ते समजलं की गिऱ्हाईक गोरंमोरं होई, आणि गोरंमोरं झालेलं गिऱ्हाईक घासाघीस कमी करतं. बाप मेल्यावर पोरीनं शिकलेला धंद्यातला हा पहिला धडा.

थोरलीचं लग्न होऊन ती दूर गेली होती. घरात उरल्या आई आणि धाकटी, आणि घराच्या पुढच्या अंगाला हे दुकान. दुकान म्हणजे काय, दोन भिंतींना डब्यांच्या उतरंडी, एका कोपऱ्यात पुट्टीची पोती, दोरीवर टांगलेले ब्रश, आणि मधोमध ते यंत्र. रंग मिसळायचं यंत्र. पांढरा डबा खाली ठेवायचा, पडद्यावर छटेचा नंबर दाबायचा, की वरच्या नळ्यांतून थेंब थेंब रंग पडून हवी ती छटा तयार. दुकानाचा सगळा रुबाब त्या यंत्राचा. पण यंत्र कंपनीचं. दर महिन्याला ठरलेला माल उचलला तर ते इथं राहणार. सलग कमी उचलला तर कंपनीची माणसं येऊन घेऊन जाणार. यंत्र गेलं, की मागं उरणार चुना, सॅंडपेपर आणि दोन बायका. हे त्या दोघींना झोपेतही ठाऊक होतं.

चौकात मोठं दुकान झाल्यापासून माल उचलणं जड जात होतं. तिथं काचेचं दार, गार हवा, भिंतभर छटा, आणि रंगाऱ्यांना जास्त पैसे. एकेक रंगारी तिकडं सरकला. राहिला तो फक्त मुकादम आणि त्याच्या हाताखालची माणसं. दुकानाबाहेर एक फळी दोन दगडांवर टाकलेली होती. सकाळी ही मंडळी तिच्यावर बसून चहा प्यायची, एकमेकांच्या कामाला नावं ठेवायची आणि मग कामाला पांगायची. मुकादम बापाचा जुना स्नेही. "वहिनी, मी आहे तोवर यंत्र हलत नाही," असं तो आईला म्हणायचा. आई म्हणायची, "तुम्ही नुसते असून काय उपयोग, डबे उचला." पण चहात त्याला साखर जास्त घालायची.

बापाचा एक नियम होता. भाव एका दमात सांगायचा आणि त्याचं पोट फाडून दाखवायचं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. धाकटीला हा नियम बुरसटलेला वाटायचा. "लोक आता विचारतात आई. खरं सांगितलं की विश्वास बसतो."

"विश्वास बसतो आणि दुकान उठतं," आई म्हणायची.

एका दुपारी नर्सबाई आल्या. इस्पितळात उभा जन्म काढून निवृत्त झालेल्या, केस घट्ट बांधलेले, चपला करकरीत. समोरच्या माणसाची नाडी धरूनच बोलतात अशी बोलण्याची तऱ्हा. वरचा मजला भाड्यानं द्यायचा होता, त्या आधी खोल्या आणि जिना रंगवून घ्यायचा होता.

"वीस लिटरचे दोन डबे," त्या म्हणाल्या. "ही छटा. चौकातला शंभराला चार सोडतोय. तू काय सोडतेस ते आधी सांग, मग मी बसते."

"आधी बसा मावशी, मग सोडते."

"मी बसले की उठत नाही, सांगून ठेवते."

आई आतल्या दारात लसूण सोलत बसली होती. तिनं पोरीकडं पाहिलं. दोन वीस लिटरचे डबे म्हणजे त्या महिन्याच्या मालाला मोठाच टेकू होता.

धाकटीनं रंग ढवळायची एक लाकडी काठी घेतली. डब्याबरोबर फुकट द्यायची असते ती. नमुन्याच्या बाटल्या उघडल्या, बारीक ब्रश घेतला आणि म्हणाली, "मावशी, तुम्हाला कोडं घालत नाही. भाव कसा उभा राहतो तेच दाखवते. कर बाजूला ठेवू, डबा शंभराचा धरा."

तिनं काठीचा खालचा बराचसा भाग राखाडी रंगवला. "हे चौऱ्याऐंशी कंपनीचे. एवढ्याला डबा माझ्याकडं येतो. यात मला हात घालता येत नाही." त्यावर एक काळी रेघ. "हा एक गाडीभाडं आणि हमालीचा." मग निळा पट्टा. "हे पाच वीज, जागेचा कर, यंत्राची देखभाल, मोडतोड, सांडलवंड यांचे. दुकान उघडलं की हे लागतातच, तुम्ही या नाहीतर नका येऊ." मग हिरवा. "हे पाच." आणि टोकाला पिवळा. "आणि हे पाच आमचे. यात आमचं जेवण."

नर्सबाईंनी काठी हातात घेतली. इंजेक्शनची सुई उजेडात धरावी तशी धरली. "आणि कर?"

"कर वर अठरा. शंभराला एकशेअठरा. तो सरकारचा, माझ्या हातात येतो आणि जातो. पण मी बिलातच पाच सोडले, तर कर पंचाण्णववरच बसतो. मग तुमचे पाचच नाही, पाच आणि नव्वद पैसे वाचतात. नुसतं हातावर पाच परत दिले तर ते वरचे नव्वद पैसे तुमचे बुडाले. म्हणून सूट मागायची ती बिलात मागायची."

"हे चौकातल्यानं नाही सांगितलं."

"त्याला ट्रकभर माल उचलल्यामुळं कंपनी ऐंशीला देते. तो चार सोडतो ते तिथून. माझ्या राखाडीत ते चार नाहीतच."

"मग तुझ्याकडं सूट आहे तरी कुठं?"

"ब्रश, रोलर, चिकटपट्टी यांत आहे. तिथं शंभरामागं तीस सुटतात, त्यातले पंधरा मी सोडते. पाच-पाच लिटरचे डबे न घेता तुम्ही वीसचे घेताय, त्यात आधीच लिटरमागं वाचलंय, कारण पत्र्याचेही पैसे असतात. आणि ही छटा एक घर फिकी घेतलीत तर रंगद्रव्य कमी पडतं, तिथंही उतरेल. भिंतीवर फरक फक्त तुम्हालाच कळेल."

"मला कळला म्हणजे झालं की. छटा हीच." नर्सबाईंचं बोट काठीवर सरकलं आणि हिरव्यावर थांबलं. "हे पाच कुणाचे ते नाही सांगितलंस."

आईच्या हातातली लसणाची पाकळी थांबली.

धाकटीनं ब्रश खाली ठेवला. मग म्हणाली, "रंगाऱ्याचे. जो रंगारी गिऱ्हाईक पाठवतो, त्याला दुकान देतं. सगळीच दुकानं देतात. चौकात तर आठ देतात."

"अस्सं! म्हणजे मी मजुरीही देते आणि वरून हेही देते?"

"तुम्हाला कुणी पाठवलंय का मावशी?"

नर्सबाई मुरलेली बाई. बाजारात गेल्यावर कुणाचं नाव सांगितलं की भाव चढतो, हे त्यांना आयुष्यानं शिकवलेलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "मला कोण पाठवणार? माझे पाय मला घेऊन आले."

"मग हे पाच कुणाचेच नाहीत," धाकटी म्हणाली. तिला एकदम हलकं वाटलं. "ते मी तुम्हाला सोडते. बिलात पंचाण्णव."

"पोरी," आतून आई म्हणाली, "पाणी दे आधी बाईंना."

पाणी म्हणजे काय ते धाकटीला कळलं होतं. ती पाणी घेऊन आली आणि आईकडं न बघता पुढं सरकली. चौकातला शहाण्णव, ती पंचाण्णव. यंत्र घरघरलं, थेंब पडले, डबे हलवून निघाले. नर्सबाईंनी पैसे मोजून दिले आणि जाताना काठी उचलली.

"ही माझी ना?"

"डब्याबरोबर फुकटच आहे."

बाई गेल्यावर आई म्हणाली, "सोडायचेच होते तर पिवळ्यातले सोडायचे. दुसऱ्याच्या ताटातलं वाढून दानशूर झालीस."

"ताट कुणाचंच नव्हतं आई. बाई आपली आपण आली."

"आपली आपण कुत्रीसुद्धा येत नाहीत," आई म्हणाली आणि लसूण ठेचायला घेतला.

पुढं मुकादम आला तो फळीवर बसला नाही. सरळ आत आला आणि काठी गल्ल्यावर ठेवली. पट्टे वाळून तडतडीत झाले होते. धाकटीनं काठी ओळखली.

"नर्सबाईंचं काम तुमच्याकडं होतं काका?"

"मीच धाडलं होतं त्यांना तुझ्याकडं. चौकात चालल्या होत्या. म्हटलं, तिकडं नका जाऊ, आमच्या मित्राची पोरगी आहे, डबा चोख देते."

"त्या काही बोलल्या नाहीत. मी विचारलं होतं."

"विचारलं असशील. तू खोटं बोलत नाहीस, तोच तर घोळ आहे." तो हसायला गेला, पण हसू निम्म्यावर राहिलं. "बाईंनी कामाच्या मधोमध माझ्या माणसांसमोर ही काठी काढली. म्हणाल्या, हा हिरवा तुमचा ना? मग इतकी वर्षं इस्पितळातल्या सगळ्यांच्या घरी तुम्ही दोन्हीकडून खात आलात. तेवढे मी मजुरीतून कापते. माझ्या हाताखालच्या पोरांना मी यातलं कधी सांगितलं नव्हतं, पोरी. आता ती विचारतायत, आमचा त्यातला वाटा कुठाय."

"काका, तुमचे पाच मी माझ्यातून देते. आत्ता देते." तिनं गल्ला ओढला.

"ठेव. पाचाचा सवाल असता तर मी चौकात आठ सोडून इथं आलो असतो का?" तो आता आईकडं वळून बोलू लागला. "वहिनी, भिंतीला ओल आली, पोपडा धरला की लोक मला बोलावतात. मी जातो, हात मारून येतो, त्याचे कोण देतं? काम नसतं तेव्हा कोण देतं? ते त्या पाचात असतं. हे बाईला कोण सांगणार? काठीवर तेवढी जागा नाही."

आई म्हणाली, "पोर आहे, चुकली. पदरात घ्या."

"मी घेतो हो. माझी माणसं घेत नाहीत. ती म्हणतात, ज्या दुकानात आपला पट्टा गिऱ्हाइकाला दाखवतात, त्या दुकानाच्या फळीवर बसायचं नाही. त्यांना सोडून मी एकटा किती डबे लावणार?"

चहा ठेवला होता तो तसाच राहिला. मुकादम पायरीवरून उतरला, फळीकडं एकदा बघितलं, आणि चौकाच्या दिशेनं गेला. तो तिकडंच जाणार हे दोघींना माहीत होतं, तरी दोघी तो वळेपर्यंत बघत उभ्या राहिल्या.

फळी रिकामी पडली, पण दुकान लगेच रिकामं झालं नाही. उलट नर्सबाईंनी तोंडभर कौतुक करून शेजारपाजार धाडला. धाकटीच्या जीवात जीव आला. "बघ आई, खरं बोलल्याचं फळ."

फळ कसलं, नुसती साल होती. जो येई तो काठीची गोष्ट ऐकूनच येई. "पंचाण्णव तर तू देतेसच, पुढं बोल." एकजण म्हणाला, "कंपनीचे चौऱ्याऐंशी, भाडं एक, तुझा खर्च पाच. झाले नव्वद. नव्वद घे आणि डबा दे, तुझ्या खिशातलं काय जातं?" दुसरी, एकच लिटर घ्यायला आलेली बाई म्हणाली, "पिवळ्यातले निम्मे तरी सोड गं, एकटी तर आहेस, किती खाशील?"

"दोघी आहोत," आई आतून म्हणाली. "आणि मी पुष्कळ खाते."

पण महिना सरत होता आणि माल उठत नव्हता. रंगारी एका खेपेला चार घरांचे डबे न्यायचे. ही माणसं आपलं एकेक घर रंगवायची आणि परत कधी दिसायची नाहीत. यंत्र राखायचं तर डबे हलायला हवेत, म्हणून धाकटीनं नव्वदला द्यायला सुरुवात केली. मनाशी म्हणाली, पिवळा नाही मिळाला तर नाही, निदान तोटा नाही.

संध्याकाळी ती गल्ला मोजायला बसली. विजेचं बिल भरायचं होतं, यंत्राची नळी बदलायची होती. पैसे पुरेनात. तिनं पुन्हा मोजलं. मग तिनं मुकादमानं ठेवून दिलेली ती काठी कोनाड्यातून काढली आणि निळ्या पट्ट्याकडं बघत बसली.

"काय झालं?" आईनं विचारलं.

"आई, निळा पाचाचा नव्हता."

"तूच रंगवलास."

"बाबांच्या वेळी जेवढा माल जायचा, तेवढा गेला तर पाच. वीज तेवढीच, कर तेवढाच, यंत्र तेवढंच. माल निम्मा झाला, तर तोच खर्च निम्म्या डब्यांवर बसतो. पाचाचे दहा होतात. मी नव्वदला देते ते पदरचे पाच घालून देते." तिचा आवाज बारीक झाला. "आणि हा हिरवा होता म्हणून तो निळा पाचाचा होता. रंगारी माल उठवायचे म्हणून. मी हिरवा खरवडला आणि निळा फुगला."

आईला हिशेब येत नव्हता, सहीच्या जागी अंगठा उठवणारी बाई. पण घर तिनं चालवलं होतं. ती म्हणाली, "चार माणसांच्या स्वयंपाकाला जेवढं सरपण, तेवढंच दोघांच्याला. हे तुला आत्ता कळलं?"

धाकटीनं काठी परत कोनाड्यात ठेवली. मग आईनंच तिच्या डोक्यावरून हात फिरवला, आणि फिरवतानाही म्हणाली, "केस विंचर, भूत दिसतेस."

दुसऱ्या दिवशी धाकटीनं भाव पुन्हा शंभर केला. आलेली माणसं पायरीला पाय न लावता परत फिरली. नव्वदची चटक लागलेल्या जिभेला शंभर कडू लागतो. एकानं तर जाता जाता तिला चोर म्हटलं. जोवर तिनं काही दाखवलं नव्हतं, तोवर तिला कुणी चोर म्हटलं नव्हतं.

ती मुकादमाच्या दारी गेली. त्याची बायको म्हणाली, कामावर गेलेत. आतून खोकल्याचा आवाज येत होता, तो मुकादमाचाच होता. धाकटीनं तो ऐकला, बायकोनंही ऐकला. "बरं, सांगा मी आले होते," म्हणून ती परतली.

कंपनीचा माणूस आला तो सभ्य होता. त्यानं चहा घेतला, बापाची आठवण काढली, आणि मग दोन हमालांना आत बोलावलं. यंत्राची वायर काढली, नळ्या बांधल्या. दारातून बाहेर काढताना यंत्र चौकटीला घासलं. आई ओरडली, "जपून रे! चौकट तरी आमची आहे." जमिनीवर यंत्राखालची फरशी तेवढी स्वच्छ राहिली होती. भोवतालच्या फरशीवर वर्षानुवर्षांचे थेंब सांडलेले.

त्यानंतर एकदा नर्सबाई आल्या. भाडेकरू कपाट वर चढवत होता, तेव्हा जिन्याच्या भिंतीला भलामोठा ओरखडा पडला. हातात डब्याचं झाकण होतं, त्यावर वाळलेली छटा.

"एक लिटर दे हीच. बिलात सूट घालून, तू शिकवलंस तशी." मग त्यांनी मधल्या रिकाम्या जागेकडं पाहिलं. "यंत्र कुठं गेलं?"

"कंपनीनं नेलं."

"दुरुस्तीला?"

"नाही."

नर्सबाईंनी दाराबाहेर फळी जाऊन नुसत्या उरलेल्या दोन दगडांकडं बघितलं, टांगलेल्या ब्रशांकडं बघितलं. आयुष्यभर त्यांनी रोगी बघितले होते; काय बघतोय ते त्यांना कळलं असावं. पण रोग्याला तोंडावर सांगणाऱ्यांतल्या त्या नव्हत्या. "अगं, मी तर तुझं नाव चांगलंच घेतलं सगळीकडं," त्या म्हणाल्या.

"हो मावशी. सगळे आले होते."

"मग मला खरं सांग, माझं काही चुकलं का?"

धाकटीच्या जिभेवर बरंच काही होतं. मुकादमाचं नाव लपवलंत ते होतं, त्याची मजुरी कापलीत ते होतं. पण काठी तिनं स्वतः रंगवली होती. "छटेचा नंबर लिहून देते," ती म्हणाली. "चौकात जा. तिथं बरोबर मिसळून मिळेल."

"तो शहाण्णवला देईल ना? माझ्या वेळी म्हणाला होता."

"आता शंभर घेईल."

"का? त्याला तर ऐंशीला पडतं. तूच सांगितलंस."

"पडतं तेवढ्यालाच. पण तो चार सोडायचा तो ऐंशीला पडतं म्हणून नव्हे मावशी, मला तेव्हा कळलं नव्हतं. मी इथं होते म्हणून सोडायचा."

नर्सबाई झाकण हातात फिरवत राहिल्या. मग त्यांनी नंबराचा कागद घेतला आणि न लागणारे दोन ब्रश घेतले. त्यांनी ब्रशांवर सूट मागितली नाही. धाकटीनं तरी पंधरा सोडले, बिलातच.

त्या गेल्यावर आईनं कोनाड्यातली काठी काढली. चुन्याच्या पिंपात पाणी ओतलं आणि काठीनं ढवळायला लागली. आता दुकानात भिंतीला लावण्यासारखा चुनाच उरला होता.

"दुसरी घे ना आई, ती नको."

"का? काठीच आहे." आई ढवळत राहिली. "चुना कितीला पडतो गं आपल्याला?"

धाकटीनं तोंड उघडलं आणि मिटलं.

"शाबास," आई म्हणाली. "पण आता कुणी विचारायलाच नाही."